भाडेकरू आणि कामवाल्या मावशींची पोलीस पडताळणी: शिक्का कशावर असतो आणि कशावर नसतो

छत्रपती संभाजीनगरात भाडेकरार तयार करणं आणि पोलिसांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं हे माझं रोजचं काम आहे. लोक करार घेऊन जातात आणि दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर प्रश्न पाठवतात. बहुतेक प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. एका प्रश्नाचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पोलीस पडताळणी झाली म्हणजे माणूस भरवशाचा आहे असं समजायचं का?

नाही. पडताळणीत तीन साध्या गोष्टी बघितल्या जातात. हा माणूस सांगतो तोच आहे का, सांगतो तिथला आहे का, आणि या नावावर पोलिसांकडे आधीचं काही नोंदलेलं आहे का. तिन्हींची उत्तरं मागच्या काळाबद्दल असतात आणि कागदावर उतरलेल्या गोष्टींपुरतीच असतात. तो भाडं वेळेवर देईल का, दारू पिऊन जिन्यात गोंधळ घालेल का, कपाटाची किल्ली समोर दिसली तर काय करेल, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं.

२. ऑनलाइन माहिती भरली, पोहोच डाऊनलोड झाली. मग पडताळणी झालीच ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. citizen.mahapolice.gov.in या नागरिक पोर्टलवर तुम्ही भाडेकरूची माहिती भरता तेव्हा तुम्ही पोलिसांना कळवता. पोहोच म्हणजे कळवल्याची पावती. ठाण्यात जाऊन कागद दिलात आणि ठाणे अंमलदाराने गोल शिक्का मारून एक प्रत परत दिली, तरी तो शिक्का ‘कागद मिळाला’ एवढंच सांगतो. मजकूर खरा आहे असं कोणीही म्हटलेलं नसतं.

पुढचं काम ठाण्याच्या आत होतं आणि त्याचा निकाल घरमालकाला घरपोच येत नाही. काही वावगं सापडलं तर बीट अंमलदाराचा फोन येतो. फोन आला नाही याचे अर्थ मात्र दोन निघतात: तपासलं आणि काही निघालं नाही, किंवा अजून कोणी तपासलेलंच नाही. घरात बसून यातलं खरं कोणतं ते कळत नाही. महिनाभराने पोहोच क्रमांक घेऊन ठाण्यात जा आणि ‘मूळ गावच्या ठाण्याकडून उत्तर आलं का?’ एवढंच विचारा. बरेच जण हे कधीच विचारत नाहीत आणि पावती फाईलला लावून निर्धास्त होतात.

३. खरी पडताळणी होते तेव्हा पोलीस नेमकं बघतात तरी काय?

पहिली पायरी स्थानिक. ठाण्याच्या हद्दीतलं रेकॉर्ड आणि सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि पत्ता टाकून शोध घेतात. दुसरी पायरी मूळ गावची. त्या ठाण्याला पत्र किंवा मेल जातो, तिथला अंमलदार गावाच्या पोलीस पाटलाला विचारतो आणि उत्तर परत येतं.

माझ्या मते दुसरी पायरीच खरी कामाची आहे, कारण संगणक फक्त नाव शोधतो आणि पोलीस पाटील माणूस ओळखतो. एखाद्याला जिल्ह्यातून तडीपार केलेलं असेल (महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तसं करता येतं) आणि तो गुपचूप शेजारच्या जिल्ह्यात खोली घेऊन राहत असेल, तर ते मूळ ठाण्याला लगेच माहीत असतं. एखादा अटक वॉरंटमध्ये हवा असेल तर तेही तिथेच निघतं. पण ही पायरी वेळ घेते. खोली दिल्यावर पंधरा दिवसांत सगळं कळेल अशा हिशोबात राहू नका, विशेषतः मूळ गाव बिहार किंवा ओडिशातलं असेल तर.

नावाच्या शोधाला एक मोठी मर्यादा आहे. नाव मराठीत एक असलं तरी इंग्रजी अक्षरांत ते तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. ‘गायकवाड’ एका ठाण्यात एका स्पेलिंगने, दुसऱ्यात दुसऱ्याच. उलट ‘संतोष बाबुराव जाधव’ असं नाव टाकलं तर मराठवाड्यात किती संतोष जाधव निघतील ते तुम्हीच सांगा. त्यामुळे खरी नोंद निसटू शकते, आणि दुसऱ्याचीच नोंद एखाद्या गरिबाच्या गळ्यात पडू शकते. वडिलांचं नाव, पूर्ण जन्मतारीख आणि गाव-तालुका नीट भरणं म्हणूनच महत्त्वाचं.

४. आधार कार्ड आहे, फोटो जुळतो. एवढ्यावर भागत नाही का?

ओळखीपुरतं भागतं, तेही नीट तपासलं तर. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, कारण तिच्यावरचा फोटो बदलायला दहा मिनिटं लागतात. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अॅपने स्कॅन करा. तिथे दिसणारं नाव, जन्मतारीख आणि फोटो कार्डाशी आणि समोरच्या माणसाशी जुळला पाहिजे.

पण आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि त्यावरचा पत्ता म्हणजे शेवटचं अपडेट केलं तेव्हाचा पत्ता. वाळूजला काम करणाऱ्या कितीतरी मुलांच्या आधारवर आधीच्या खोलीचा पत्ता असतो, गावचा नसतो. तोच पत्ता ‘कायमचा’ म्हणून फॉर्ममध्ये टाकलात तर प्रश्न ३ मधलं पत्र आधीच्या घरमालकाच्या हद्दीत जातं आणि गावापर्यंत पोचतच नाही. म्हणून कायमच्या पत्त्यात आईवडील राहतात ते गाव, तालुका, जिल्हा आणि तिथलं पोलीस ठाणं हे तोंडी विचारून भरा.

५. आमच्या कामवाल्या मावशी केज तालुक्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या. पोलिसांनी ‘काही नाही’ सांगितलं. यावर किती विसंबायचं?

अशाच एका घराचं प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सिडकोतल्या एका काकूंकडे जूनमध्ये एक बाई कामाला लागल्या. काकूंनी फॉर्म भरला आणि गावचा पत्ता, पोलीस पाटलांचा नंबर, आधी काम केलेल्या घराचा नंबर असं सगळं घेतलं. ऑगस्टमध्ये ठाण्यातून कळलं की बाई गावच्याच आहेत, घरचं नाव बरोबर आहे आणि तिथल्या ठाण्यात त्यांच्या नावावर गुन्हा नाही. काकू म्हणाल्या, ‘चला, निश्चिंत झाले.’

आता यातून नेमकं किती सिद्ध झालं ते बघा. गाव खरं, कुटुंब खरं, त्या ठाण्यात गुन्हा नाही. पण हे कुटुंब गेली कित्येक वर्षं दिवाळीच्या आसपास गाव सोडतं आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. वर्षातले पाच-सहा महिने ते सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर असतात. त्या महिन्यांबद्दल गावच्या पोलीस पाटलाला काय सांगता येणार? त्याचं उत्तर खरं असलं तरी ते गावातल्या महिन्यांपुरतंच खरं होतं. पत्र डिसेंबरमध्ये गेलं असतं तर घराला कुलूप दिसलं असतं आणि ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आले नाहीत’ असा शेरा आला असता. असा शेरा वाचून लोक घाबरतात. ऊसतोडीच्या तालुक्यांत हिवाळ्यातल्या अशा शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की माणसं तोडीला गेली आहेत.

खरी गंमत पुढे झाली. दिवाळीला चार दिवसांची सुट्टी घेऊन बाई गावी गेल्या आणि बारा दिवस झाले तरी परतल्या नाहीत. फोन बंद. काकूंनी कपाट तीनदा तपासलं आणि तक्रार द्यायला निघाल्या. मी म्हटलं, आधी फॉर्मवरचा पाटलांचा नंबर लावा. पाटलांनी दोन मिनिटांत सांगितलं, नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली होती, तोडीला जोडी लागते म्हणून बाईलाही जावं लागलं. घरातून काहीच गेलेलं नव्हतं.

पडताळणीच्या फॉर्मचा खरा उपयोग हा. बाई कशा आहेत ते त्याने काकूंना सांगितलं नाही. बाई कुठे सापडतील ते मात्र सांगितलं.

६. फॉर्ममध्ये बाईचं माहेरचं नाव कशाला विचारायचं? आधारवर तर सासरचंच आहे.

कारण प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे शोध नावावरून होतो. आपल्याकडे लग्नात मधलं नाव आणि आडनाव बदलतंच, काही घरांत पहिलं नावही बदलतात. माहेरची मंगल सासरी सुनीता होते आणि आधारही त्याच नावाने निघतं. लग्नाआधीची एखादी नोंद असेल तर सुनीताच्या नावाने शोधून ती निघणार नाही. फॉर्ममध्ये वेगळा रकाना नसेल तर पूर्ण नावापुढे ‘माहेरचं नाव अमुक’ असं लिहून द्या. विचारताना सरळ सांगा की फॉर्मला लागतं. चौकशीच्या सुरात विचारलं तर बाई दुखावतात, आणि त्यांचं चुकत नाही.

७. पोलिसांनी सांगितलं, ‘त्याच्यावर केस आहे.’ खोली रिकामी करून घेऊ का?

आधी कसली केस ते विचारा. ‘केस आहे’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी मावतात.

एखाद्या आंदोलनात रास्ता रोको केला म्हणून नोंदलेला गुन्हा मराठवाड्यातल्या हजारो तरुणांच्या नावावर असेल. भावकीच्या बांधाच्या भांडणातली मारामारी असते, जिच्यात दोन्हीकडच्या सगळ्या पुरुषांची नावं घातलेली असतात. ‘चॅप्टर केस’ असते. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ किंवा ११० खाली व्हायची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ किंवा १२९ खाली होते. ती शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्यासाठी असते, शिक्षा नसते. आणि घरफोडीचे चार गुन्हे हीसुद्धा ‘केस’च.

दुसरा प्रश्न, ती कुठपर्यंत आली आहे? एफआयआर म्हणजे आरोप. कोर्टात निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नावापुढेही गुन्हा क्रमांक पोलीस रेकॉर्डमध्ये दिसू शकतो. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर जिल्हा, कोर्ट, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून खटल्याची स्थिती कोणालाही बघता येते. नावसाधर्म्याचा धोका तिथेही आहे, म्हणून पोलिसांकडून गुन्हा क्रमांक आणि वर्ष मिळालं तर त्यावरून शोधा.

खोली रिकामी करण्याचं म्हणाल तर पोलिसांच्या तोंडी शेऱ्यावर कुलूप बदलता येत नाही. करारातल्या अटी आणि नोटिशीची मुदत पाळावीच लागते.

८. ‘तो अमुक समाजाचा आहे, जरा नीट बघा’ असं फॉर्मवर लिहू का?

लिहू नका. गुन्ह्याचं रेकॉर्ड माणसाचं असतं, जातीचं नसतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो १९५२ मध्ये उठला. तुम्ही तो पुन्हा उमटवायचं कारण नाही.

९. लातूरला नीटच्या क्लासला आलेल्या मुलांना खोल्या देतो. १६-१७ वर्षांच्या मुलाची पडताळणी करून काय निघणार?

गुन्ह्याच्या बाबतीत जवळजवळ काहीच नाही, आणि ते कायद्यानेच ठरवलेलं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार चालू असलेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणात अल्पवयीन मुलाचं रेकॉर्ड चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा इतर कशासाठी पोलिसांना उघड करता येत नाही. त्यामुळे ‘काही नाही’ हे उत्तर इथे काहीच सांगत नाही, आणि मला तरी ते योग्यच वाटतं.

तरी माहिती द्या, फक्त तिचा रोख पालकांकडे ठेवा. करार पालकाच्या नावाने करा, आई आणि वडील दोघांचे नंबर घ्या, क्लासचं ओळखपत्र आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचा नंबर घ्या. मुलगा रात्री खोलीवर आला नाही तर तुम्हाला गुन्ह्याच्या रेकॉर्डची गरज पडणार नाही, या नंबरांची पडेल.

१०. एका खोलीत चार मुलं राहतात, फॉर्म एकाचाच भरला. चालेल का?

चालत नाही, आणि रांजणगाव-बजाजनगर पट्ट्यात हेच सर्रास चालतं. करार एकाच्या नावाने, राहणारे चार, आणि शिफ्ट बदलली की दोघं जाऊन तिसरेच दोन येतात. सहा महिन्यांनी पोलीस आले की मालकाला खोलीत कोण आहे तेच सांगता येत नाही. पडताळणी खोलीची होत नाही, माणसाची होते. प्रत्येकाची माहिती वेगळी भरा आणि करारात ‘नवीन माणूस मालकाला लेखी कळवल्याशिवाय राहणार नाही’ अशी ओळ घाला. माणूस बदलला की नवी माहिती द्या.

राहणारा परदेशी असेल, उदाहरणार्थ विद्यापीठात शिकायला आलेला, तर हा फॉर्म पुरेसा नाही. त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणीच्या पोर्टलवर २४ तासांत वेगळी द्यावी लागते.

११. हे सक्तीचं आहे का? नाही केलं तर काय होतं?

सक्ती येते ती मुख्यतः मनाई आदेशातून. शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात दंडाधिकारी हे आदेश काढतात, पूर्वी कलम १४४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपुरताच असतो, मग पुन्हा काढतात. म्हणून ‘माझ्या मित्राला नांदेडला कोणी विचारलं नाही’ याला अर्थ नाही. तुमच्या ठाण्याच्या हद्दीत आज कोणता आदेश लागू आहे आणि त्यात घरकामगार येतात का, ते ठाण्यातच विचारा.

आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होते. साधारण प्रकरणात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातून जिवाला वगैरे धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

भाडेकरूने गुन्हा केला म्हणून केवळ मालक असल्याने तुम्ही त्या गुन्ह्यात आरोपी होत नाही. माहीत असून फरारी माणसाला आसरा दिला तर गोष्ट वेगळी.

१२. पोलिसांकडे नाव दिलं म्हणजे भाडेकरूचा घरावर हक्क लागतो का? म्हणून मी माहितीच देत नाही.

हा उलटा हिशोब आहे. पोलिसांकडच्या माहितीने हक्क तयार होत नाही आणि ती कराराची जागाही घेत नाही. खरी भीती दुसरीकडे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. पडताळणीची पोहोच जपून ठेवणारे आणि करार मात्र साध्या बाँडवर, नोंदणीशिवाय करणारे मालक मी रोज बघते.

१३. मावशींकडे घरेलू कामगार मंडळाचं कार्ड आहे. मग पडताळणी लागते का?

ते कार्ड २००८ च्या कायद्याने आलेल्या कल्याण योजनांच्या नोंदणीचं आहे. ते मिळताना पोलीस तपास झालेला असतो असं धरू नका. तसंच मावशी सोबत मुलगी आणतात आणि तीही काम करते, असं असेल तर तिचं वय विचारा. १४ वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, मग पडताळणी कितीही झालेली असो.

१४. त्यापेक्षा तिलाच चारित्र्य प्रमाणपत्र आणायला सांगितलं तर?

ते वेगळं कागदपत्र आहे. अर्जदार स्वतः अर्ज करतो, ते पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाकडून मिळतं, आणि ‘नोंदीनुसार अमुक तारखेपर्यंत प्रतिकूल काही आढळलं नाही’ अशा अर्थाचं असतं. पोहोचपेक्षा ते वजनदार, कारण त्यावर कोणीतरी तपासल्याचं लिहिलेलं असतं. मर्यादा मात्र त्याच: नावाचा शोध, ठरावीक तारीख, नोंदलेल्याच गोष्टी. शिवाय महिन्याला दोन-तीन हजार मिळवणाऱ्या बाईने फी, फोटो आणि दोन दिवसांची रोजी कुठून आणायची? मागायचंच असेल तर तो खर्च तुम्ही द्या.

१५. एकदा केलेली पडताळणी किती वर्षं चालते?

ती ज्या दिवशी झाली त्या दिवसापुरती खरी असते. दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदला गेला तर तुम्हाला कोणी कळवत नाही. करार साधारण ११ महिन्यांचा असतो, तेव्हा नव्या कराराबरोबर माहिती पुन्हा भरा. घरकामाला माणूस तोच राहिला तरी फोन नंबर आणि राहण्याचा पत्ता वर्षातून एकदा तपासा. नंबर हमखास बदललेला असतो.

१६. पडताळणी करूनही घरात चोरी झाली. पोलिसांना जबाबदार धरता येईल का?

नाही, त्यांनी हमी दिलेलीच नव्हती (प्रश्न १ आणि २). नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआर देताना पडताळणीची पोहोच सोबत न्या, कारण फोटो, गाव आणि ओळखीच्या दोघांचे नंबर तपासाला पहिल्याच तासात हातात मिळतात.

पण संशय म्हणजे पुरावा नाही. मावशींचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर ‘चोर’ म्हणून टाकू नका. फॉर्मसाठी घेतलेला फोटो आणि आधारची प्रत फक्त त्याच कामासाठी दिलेली असते. दागिना नंतर पाहुण्यांच्या बॅगेत सापडला तर बदनामीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते, आणि तेव्हा मावशींच्या बाजूने साक्ष द्यायला अख्खा ग्रुप असेल.